शर्ट डेनिमचा करायचाय? आधी बटण मोजा

फोटोतला साधा कॉटनचा शर्ट डेनिमचा करून द्यायचा असेल तर टेक्स्चर शोधायला लगेच धावू नका, आधी फोटोत एका सेंटिमीटरला किती पिक्सेल येतात ते काढून ठेवा. सगळ्यात सोपं माप म्हणजे बटण. शर्टचं नेहमीचं बटण साधारण 11.5 मिमीचं असतं, फोटो 100% वर उघडून त्याची रुंदी मोजा, आणि बटण तिरकं असेल तर ते लंबगोल दिसतं तेव्हा लांब बाजू धरा. मी परवा केलेल्या कमरेपर्यंतच्या फोटोत बटण 38 पिक्सेलचं निघालं, म्हणजे सेंटिमीटरला 33 पिक्सेल. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं ह्यावरच चालतं.

आता कापड. नेटवरच्या टेक्स्चरचं खरं माप कळतच नाही, त्यामुळे घरातलं डेनिम सरळ फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथं घाला आणि 300 dpi ला स्कॅन करा, म्हणजे सेंटिमीटरला 118 पिक्सेल हे आपोआप ठरलं. स्कॅनर नसेल तर मोबाइल बरोबर वरून धरून फोटो काढा आणि कापडावर दहा रुपयाचं नाणं ठेवा, ते 27 मिमीचं असतं. पण शर्टसाठी शर्टचंच डेनिम घ्या हं, जीन्सचं नको! जीन्सचं कापड जाड, त्याच्या तिरक्या रेषा एकमेकींपासून लांब, तेच शर्टवर टाकलं की स्केल बरोबर काढूनही शर्ट ताडपत्रीसारखा दिसतो, मी ह्यातच एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

मग भागाकार, 33 भागिले 118, म्हणजे टेक्स्चर 28% वर आणायचं. खात्री करायला स्कॅनमध्ये आडव्या दिशेने दहा रेषा मोजा. माझ्या कापडात दहा रेषा 12 मिमीत बसल्या होत्या, म्हणजे फोटोत त्या 40 पिक्सेलमध्ये बसायला हव्यात, एका रेषेला 4 पिक्सेल. हे जमतं. पण तोच शर्ट पूर्ण उंचीच्या फोटोत असेल आणि बटण जेमतेम 11 पिक्सेलचं असेल तर एका रेषेला सव्वा पिक्सेलसुद्धा मिळत नाही, आणि दोनच्या खाली गेलं की रेषा दिसायच्या सोडून भलतेच पट्टे आणि लाटा दिसायला लागतात. तिथे वीण टाकूच नका. त्या अंतरावरून डेनिम ओळखू येतं ते रंगाच्या चढउतारावरून, कॉलर आणि कफच्या कडेला उडालेल्या निळ्यावरून आणि दुहेरी शिलाईवरून, तेवढंच नीट करा.

वीण टाकणार असाल तर बाह्या, कॉलर, पट्टी, खिसा, योक ह्यांचे मास्क वेगवेगळे करून ठेवा, कारण प्रत्येक तुकडा वेगळा कापलेला असतो आणि धाग्याची दिशा शिवणीपाशी बदलते. आणि एक बाही झाली की तीच उलटी करून दुसरीकडे चिकटवायचा मोह होतो, ते अजिबात करू नका. बहुतेक डेनिमच्या रेषा खालून डावीकडून वर उजवीकडे जातात आणि दोन्ही बाह्यांवर तशाच जातात, उलटी केलेली बाही शिवणकाम कळणाऱ्याला लगेच खटकते. कॅमेऱ्याकडे पुढे आलेल्या हातासाठी टक्केवारी वेगळी काढा, कफचं बटण मोजलं की झालं.

चुण्यांसाठी शर्टची ब्लॅक अँड व्हाइट कॉपी थोडी ब्लर करून PSD म्हणून सेव्ह करून ठेवा, फोटोशॉपच्या Displace ला ती लागते. ब्लर केली नाही तर मूळ कॉटनचा कण न् कण रेषांना ढकलतो आणि त्या थरथरल्यासारख्या दिसतात.

सिल्कला ही मोजामोज फारशी लागत नाही, धागा इतका बारीक की फोटोत दिसतच नाही. तिथे चुणीच्या माथ्यावरची चमक अरुंद आणि कडक करायची आणि लगेच शेजारी गडद सावली, एवढ्यावरच सिल्क उभं राहतं. माप लागतं ते बुट्टी आणि काठाला. लोकरीच्या स्वेटरचं उलटं, मध्यम जाडीच्या लोकरीत 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके येतात, म्हणजे एक टाका साडेचार मिमीचा, तो पूर्ण उंचीच्या फोटोतही दिसतो, त्यामुळे टाके मोजूनच बसवा. आणि बाहेरची कड कात्रीने कापल्यासारखी ठेवू नका, दोनतीन पिक्सेलची लव बाहेर येऊ द्या, मागे उजेड असेल तर थोडी जास्तच.

शेवटी 100% वर बघा, फिट टू स्क्रीनवर नाही, कारण तिथे बारीक रेषांचे खोटे पट्टे दिसतात आणि माणूस उगाच स्केल बदलत बसतो.