सोळापैकी आठच जीबी दिसत होते

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात कामाला लागून मला दोन महिने झाले होते. एका गिऱ्हाइकाचा आय थ्री १०१०० प्रोसेसर काढून मी आय फाइव्ह ११४०० बसवला. बोर्ड बी ५६० चा होता, त्याला दोन्ही चालतात. विंडोज आलं, पण रॅम सोळाऐवजी आठच जीबी दिसली.

मला वाटलं, एक पट्टी गेली. दुकानातले दादा म्हणाले, "आधी दोन्ही आलटून पालटून लाव." लावल्या. एका चॅनेलच्या, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका वाटेच्या, स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या चालत होत्या, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे रॅम चांगली होती. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे प्रोसेसर बदलल्याबरोबर एक चॅनेल गायब झालं की आधी सॉकेट बघायचं.

प्रोसेसरच्या खालच्या बाजूला कूलरची थर्मल पेस्ट लागली नाही ना, ते पाहिलं. स्वच्छ होती. मग सॉकेटवर मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. नीट असलेल्या पिनांची टोकं एका रांगेत, सारखी चमकतात. कडेजवळ दोन ठिपके रांगेबाहेर होते. जुनी पेस्ट पुसताना फडक्याचा धागा तिथे अडकला असणार. सॉकेट उघडं असताना फडकं त्याच्या आसपास न्यायचंच नव्हतं, चूक माझीच.

एएमडीच्या एएम फोर सॉकेटच्या प्रोसेसरला खाली सरळ खिळ्यांसारख्या पिना असतात, त्या लीड काढलेल्या पेन्सिलीच्या नळीत धरून सरळ करता येतात. इथे तो उपाय चालत नाही. सॉकेटातली पिन म्हणजे तिरकी, चपटी पत्ती असते, आणि प्रोसेसर दाबला की तिने स्प्रिंगसारखं वर रेटायचं असतं. ती उभी करायची नसते, शेजारणीच्या तिरकेपणाला आणि उंचीला आणायची असते.

दादांनी सप्लायची वायर काढायला लावली, भिंग दिलं आणि शिवणाची सुई. सुईचं टोक पत्तीखाली घालून थोडं ढकलायचं, सुई बाहेर काढायची, चारही बाजूंनी बघायचं, मग पुन्हा थोडं. दोन पिनांना पाऊण तास गेला. धातू पुढेमागे वाकवला की तो थकतो आणि मुळाशी तुटतो, म्हणून पिन जास्त पुढे गेली तरी दादा लगेच मागे आणू देत नव्हते. "राहू दे, आधी बसवून बघ."

बायोसमध्ये सोळा जीबी आले. तरी रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली, कारण पिन अर्धवट टेकत असेल तर मशीन सुरू होतं आणि नंतर मध्येच अडकतं.

दोन-चार पिना नुसत्या वाकल्या असतील तर मी आता हे काम घेतो. पिन पूर्ण दुमडून शेजारणीला चिकटली असेल तर मशीन चालू न करताच प्रयत्न करतो, आणि गिऱ्हाइकाला तुटण्याची शक्यता आधीच सांगतो. तुटलेली पिन निव्वळ ग्राउंडची निघाली तर बोर्ड कधी कधी चालून जातो, पण त्या भरवशावर मी कुणाला मशीन देत नाही. नवीन सॉकेट बसवायचं तर जुनं गरम करून उचलायचं आणि खालचे शेकडो सोल्डरचे गोळे नव्याने जुळवायचे. साध्या बोर्डाला तो खर्च परवडत नाही, सेकंडहँड बोर्ड स्वस्त पडतो. वॉरंटीवाले वाकलेली पिन दिसली की सहसा वॉरंटी नाकारून बोर्ड परत करतात. म्हणून आता सॉकेटच्या पिना झाकणारं प्लास्टिकचं झाकण मी गिऱ्हाइकाच्या खोक्यातच ठेवतो.