प्रेमाच्या मेसेजमध्ये तीन मराठी कालवू नका

लग्न ठरलेली, ठरत आलेली मुलं-मुली पाठवायच्या आधी मला मेसेज दाखवतात, ‘जरा बघ ना, बरोबर आहे का?’ शुद्धलेखन बहुतेकांचं ठीक असतं. गडबड असते ती सुराची. अर्जाची मराठी, कवितेची मराठी आणि घरातली मराठी एकाच मेसेजमध्ये येते, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की आपल्याशी बोलतंय कोण.

कोथरूडच्या एका मुलाचं उदाहरण सांगते. कांदेपोहे झाले, मग दोघं बाहेर भेटले आणि झेड ब्रिजवर पावसात बराच वेळ उभे राहिले. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर त्याच संध्याकाळी आले. रात्री त्यानं पाठवलं:

‘प्रिय सखी, आजच्या भेटीबद्दल आभार. तुजविण ही रात्र सुनी भासते. आपण घरी सुखरूप पोहोचलात का? जेवलीस का?’

उत्तर आलं, ‘हो. कुणी लिहून दिलं?’ मग दोन दिवस काहीच नाही.

‘भेटीबद्दल आभार’ हे बैठक संपल्यावर म्हणतात. ‘तुजविण’ छंदात शोभतं, पण साध्या वाक्यांच्या मधोमध आलं की उसनं वाटतं, त्यातून ओळख दोन भेटींची. सगळ्यात महागात पडलं ते ‘आपण पोहोचलात का’. एकदा ‘तू’वर आल्यावर परत वर चढणं म्हणजे आपल्याकडे रुसण्याची खूण. ‘बरं, तुमचं चालू द्या’ असं घरात कोण कधी म्हणतं, आठवून बघा. त्या अख्ख्या मेसेजमध्ये त्याचं स्वतःचं वाक्य एकच होतं, ‘जेवलीस का?’

मी त्याला त्या संध्याकाळबद्दलच लिहायला लावलं. बऱ्याच कुरकुरीनंतर हे निघालं: ‘पोचलीस का नीट? माझे बूट अजून ओले आहेत. पुलावर अजून थोडं थांबायला हवं होतं.’ त्याला ‘पोचलीस का गं’ लिहायचं होतं, ते मी थांबवलं. समोरून ‘अरे’, ‘ऐक रे’ यायला लागलं की मग ‘गं’ लिहावं. आधी लिहिलं तर सलगी वाटते.

दुसरी चूक एकार आणि अनुस्वाराची, आणि ती जवळजवळ सगळे करतात. ‘तुझे बोलणे मला आवडले’ हे पत्रात चालतं. मेसेजमध्ये ‘तुझं बोलणं आवडलं’ हवं. ‘मी तुझी वाट पाहत आहे’ वाचताना समोरचा ताठ बसतो, ‘वाट बघतेय’ वाचताना नाही. माझी सवय अशी की मेसेज पाठवण्याआधी हळू आवाजात म्हणून बघायचा. जिथे जीभ ‘आहे’ गिळून ‘बघतेय’ म्हणते, तिथे लिहायचंही तेच.

औपचारिक सुराला त्याची जागा आहे. भेट व्हायच्या आधीचा पहिला मेसेज, किंवा घरातली मोठी माणसंही वाचतील असं काही. तिथेसुद्धा ‘आपल्या सोयीनुसार कळवावे’ नको. ‘तुम्हाला जमणार असेल तर रविवारी सकाळी भेटूया का?’ यात मान पुरेसा आहे. माफी मागताना मात्र हा सूर अजिबात नको. ‘मी दिलगीर आहे’ सोसायटीच्या सूचनाफलकावर ठीक. घरच्या भांडणानंतर ‘चुकलं माझं, फोन उचलायला हवा होता’.

काव्यमय सूर वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाच्या चिठ्ठीत, लांब राहत असताना खुलतो. पण नेटवरून उचललेले तयार प्रेमसंदेश बघितले की मला राग येतो. चंद्र, चांदणं, श्वास, सगळं तेच, आणि घाईत कॉपी केल्यावर मुलगी ‘मी वाट पाहतो’ पाठवून बसते. ‘नयन’ आणि ‘मज’ घातल्याशिवाय काव्य होत नाही ही समजूत सोडा. माहेरी गेलेल्या बायकोला एकानं लिहिलं होतं, ‘तू गेल्यापासून चहा एकाच कपाचा होतो, आणि तोही उरतो.’ सगळे शब्द स्वयंपाकघरातले. असं एक वाक्य पुरतं. त्याला दुसरं जोडलंत की दोन्ही फिकी पडतात.

‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ बोलताना फारसं कुणी म्हणत नाही. ‘तू मला आवडतेस’ म्हणा. तुमच्यात ‘लव्ह यू’ची सवय असेल तर तेच लिहा, ओढूनताणून मराठी करू नका.

‘याद येते’ नको, ‘आठवण येते’.

आणि पुण्यातल्या मुलांना खास सांगणं: कोल्हापूरकडची मुलगी ‘मी आलो’ लिहिते तेव्हा ते ‘आले’ करून परत पाठवू नका. ती तिच्या घरची बोली आहे, आणि तुमच्याशी ती त्या बोलीत बोलायला लागली आहे.