आयडी ब्लॉक झाली, पेमेंट अडकलं? कंपनीला पत्र असं लिहा

माझा रूममेट पुण्यात फूड डिलिव्हरी करायचा. एका गुरुवारी रात्री त्याची आयडी ब्लॉक झाली, कारण काय तर एका कस्टमरने ४१० रुपयांची ऑर्डर मिळालीच नाही म्हणून कम्प्लेंट टाकली. ते ठीक, पण सोमवारपासूनच्या चार दिवसांचे पैसेही आले नाहीत. सपोर्ट चॅटवर त्याने चिक्कार मेसेज टाकले, घरभाडं, बाईकचा हप्ता, आईचं आजारपण सगळं लिहिलं, आणि दरवेळी उत्तर एकच की तुमची आयडी पुन्हा चालू होणार नाही. अरे पण पैशांचं काय?

चूक इथेच होती. तो एकाच मेसेजात आयडीही मागत होता आणि पैसेही, मग समोरचा आयडीचं उत्तर देऊन तिकीट बंद करायचा. म्हणून पैशांचं पत्र वेगळं लिहायचं आणि त्यात आयडी चालू करा हा शब्दसुद्धा नको, ती मागणी हवी तर दुसऱ्या मेलने करा.

लिहायच्या आधी पुरावे गोळा करा. ॲप उघडत असेल तोवर रोजच्या अर्निंगचे, ऑर्डर हिस्ट्रीचे आणि हातातल्या कॅशचे स्क्रीनशॉट काढून घ्या, कारण एकदा लॉगआऊट झालं की हे काहीच दिसत नाही. लॉगआऊट झालंच असेल तर मेसेज, मेल आणि आधीच्या आठवड्यांच्या पेमेंटचं बँक स्टेटमेंट यावर काम चालवायचं. कंपनी तुमचा टीडीएस कापत असेल तर तो काही महिन्यांनी इन्कम टॅक्सच्या साईटवर तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतो, आणि त्या तारखांची रक्कम तिथे असेल तर तुमची कमाई कंपनीने स्वतःच दाखवली असं झालं.

आता हिशोब, आणि तो प्रामाणिक हवा. मित्राच्या ८२ ऑर्डरचे ३,४१२, तीन दिवसांचा डेली इन्सेंटिव्ह ४५०, टिप ८५, म्हणजे एकूण ३,९४७. पण त्याच्याकडे कॅश ऑर्डरचे १,२६० जमा करायचे राहिले होते. ते लपवले असते तर कंपनीला पैसे अडवायला आयतं कारण मिळालं असतं, म्हणून आपणच वजा केले, उरले २,६८७. वीकली इन्सेंटिव्ह आम्ही मागितला नाही, कारण आठवडा पूर्णच झाला नव्हता आणि अशी एक कच्ची मागणी घुसली की बाकीच्या पक्क्या मागण्यांवरही शंका घेतात.

पत्र एका पानात बसवा. आमचं असं होतं:

"विषय: आयडी बंद होण्याआधी केलेल्या कामाचे २,६८७ रुपये मिळणेबाबत.

सोमवार ते गुरुवार मी ८२ ऑर्डर पोचवल्या. हिशोब आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. माझ्याकडील १,२६० रुपये रोख यातून वजा केली आहे. एका ऑर्डरबाबत तक्रार आहे, तिचा पुरावा मला द्यावा. उरलेल्या ८१ ऑर्डरचे पैसे करारातील कोणत्या कलमाखाली रोखले ते लेखी कळवावे, अन्यथा १५ दिवसांत रक्कम माझ्या नोंदणीकृत बँक खात्यात जमा करावी."

त्यातलं कलम विचारणारं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. करारात दंड लिहिलेला असला तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, ४१० च्या वादासाठी अख्ख्या आठवड्याची कमाई गिळता येत नाही. पुराव्यात ऑर्डर नंबर द्या, पण कस्टमरचं नाव, फोन, पत्ता झाकून टाका, नाहीतर उलट तुमच्यावरच बोट येईल.

मेल ग्रीव्हन्स ऑफिसरला करा, आणि तेच पत्र सही करून करारावर असलेल्या रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर पोचपावती पाहिजे असं सांगा. टीम लीडरच्या हातात कागद देऊन उपयोग नाही, तो व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतो आणि विसरतो.

पंधरा दिवसांत काहीच आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात केस टाकायच्या आधीचा, अर्ज करता येतो, ते कंपनीला तडजोडीला बोलावतात. कंपनी आलीच पाहिजे असं मात्र नाही. लेबर ऑफिसात तुम्ही कामगार नाही, पार्टनर आहात हे ऐकायची तयारी ठेवा. कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात कामावरून काढण्याआधी १४ दिवसांची लेखी नोटीस आहे, पण पुण्यातल्या रायडरला तो लागू नाही.

मित्राला बाराव्या दिवशी २,२७७ आले, म्हणजे बरोबर ४१० कापून. सोबत 'फुल अँड फायनल' मान्य आहे का असा मेल होता, खाली ओके दाबायचं. त्याने ते दाबलं नाही, रिप्लाय केला की २,२७७ मिळाले, ४१० चा पुरावा अजून द्यायचा बाकी आहे.