बँकेच्या कर्जाची नोंद करताना या चुका टाळा: खात्यात आलेला आकडा म्हणजे कर्ज नव्हे

औशाकडच्या एका कृषी सेवा केंद्राच्या वह्या मार्चअखेरीला माझ्याकडे आल्या. मृगाच्या तोंडावर खत-बियाणं भरायला त्यांनी बँकेकडून १० लाखांचं मुदत कर्ज घेतलं होतं. व्याज सालाला १२ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता २२,२४४ रुपये. ३१ मार्चला बँकेच्या दाखल्यावर बाकी होती ८,८५,२९३ आणि त्यांच्या खतावणीत ७,८८,००४. फरक ९७,२८९ रुपयांचा. दुकानदार घाबरून म्हणाले, "साहेब, बँकेनं जास्तीचं लावलंय का?" बँकेचं बरोबर होतं. नोंदीत दोन चुका होत्या, आणि दोन्ही पहिल्या हप्त्यापर्यंतच सुरू झाल्या होत्या.

पहिली चूक: हातात आलं तेवढंच कर्ज धरणं

५ जूनला चालू खात्यात ९,८८,२०० रुपये आले आणि दुकानात वह्या लिहिणाऱ्या मुलानं तेवढंच कर्ज लिहिलं. उरलेले ११,८०० कुठं गेले? बँकेनं १ टक्का प्रोसेसिंग फी, म्हणजे १०,००० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,८०० रुपये, आधीच कापून घेतले होते. पण फेडायचे पूर्ण १० लाखच आहेत. म्हणून नोंद अशी हवी:

```
बँक खाते नावे             ९,८८,२००
प्रोसेसिंग फी नावे           १०,०००
सीजीएसटी इनपुट नावे           ९००
एसजीएसटी इनपुट नावे           ९००
    मुदत कर्ज खाते जमा    १०,००,०००
```

टॅलीत कर्जाचं लेजर `Secured Loans` खाली उघडा (कर्ज विनातारण असेल तर `Unsecured Loans`), फीचं `Indirect Expenses` खाली. काही बँका कर्ज पूर्ण जमा करून फी चालू खात्यातून वेगळी कापतात. तेव्हा नोंदी दोन होतील, पण कर्ज १० लाखच राहील.

जीएसटीचे १,८०० इनपुटमध्ये टाकायच्या आधी एक गोष्ट बघा. बँकेकडं तुमचा जीएसटी नंबर नोंदवलेला नसेल तर ही रक्कम तुमच्या `GSTR-2B` मध्ये दिसणार नाही आणि क्रेडिटही मिळणार नाही. तेव्हा बँकेत नंबर द्या आणि फीचं टॅक्स इनव्हॉइस मागून घ्या. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल, तर पूर्ण ११,८०० फीच्या खर्चात टाकायचे.

दुसरी चूक: अख्खा हप्ता कर्जात वळवणं

याच चुकीनं जास्त नुकसान होतं. ५ जुलैचा २२,२४४ चा हप्ता पूर्णच्या पूर्ण कर्ज खात्याला नावे टाकला होता. पण त्यात महिन्याचं व्याजही आहे. १० लाखांवर महिना १ टक्का म्हणजे १०,००० रुपये व्याज. मुद्दल फिटलं फक्त १२,२४४.

```
मुदत कर्ज खाते नावे      १२,२४४
कर्जावरील व्याज नावे     १०,०००
    बँक खाते जमा         २२,२४४
```

कर्ज उरलं ९,८७,७५६. दुसऱ्या हप्त्याचं व्याज या बाकीवर निघतं, म्हणून ते ९,८७८ येतं आणि मुद्दल १२,३६६. पहिल्या महिन्याची फोड दर महिन्याला तशीच उतरवू नका. बँकेकडून परतफेडीचा तक्ता घ्या आणि त्यातले आकडे टाका. व्याजावर जीएसटी लागत नाही, तेव्हा तिथं इनपुट शोधत बसू नका.

या दुकानात जुलै ते मार्च ९ हप्ते असेच गेले. ८५,४८९ रुपयांचं व्याज खर्चात आलंच नाही. नफा तेवढा फुगला. तसंच विवरणपत्र भरलं असतं तर न मिळालेल्या नफ्यावर कर गेला असता. ८५,४८९ मध्ये फीचे ११,८०० मिळवा, तोच ९७,२८९ चा फरक.

तक्ता आणि स्टेटमेंट जुळत नसेल तर

कर्ज खात्याचं स्टेटमेंट उघडून व्याज कसं लावलंय ते बघा. पुष्कळ बँका महिनाअखेरीला दिवस मोजून व्याज कर्ज खात्याला नावे टाकतात आणि हप्ता पूर्ण जमा करतात. वरच्याच कर्जावर ५ ते ३० जून, २६ दिवसांचं व्याज ८,५४८ रुपये होतं. तक्त्यातल्या १०,००० शी ते जुळणारच नाही. अशा वेळी बँकेसारख्याच दोन नोंदी करा: ३० जूनला व्याज नावे, कर्ज जमा ८,५४८, आणि ५ जुलैला कर्ज नावे, बँक जमा २२,२४४. इथं अख्खा हप्ता कर्जात टाकणं बरोबर आहे, कारण व्याज आधीच कर्जात चढलेलं असतं. दोन्ही पद्धती मिसळल्या तर व्याज दोनदा खर्चात पडतं.

त्या दुकानाच्या वह्या दुरुस्त करायला दोन जर्नल नोंदी पुरल्या. पहिली: फी आणि इनपुट नावे, कर्ज जमा ११,८००. दुसरी: व्याज नावे, कर्ज जमा ८५,४८९. खतावणीची बाकी ८,८५,२९३ वर आली, आणि दुकानदारांनी बँकेचा दाखला शेजारी ठेवून ती स्वतः दोनदा ताडून बघितली.