एकच घड्याळ, अनेक गोष्टी

कथासंग्रहातल्या गोष्टी एका मनगटी घड्याळानं जोडताना काच कधी तडकली, पट्टा कुणी बदलला याचा घोळ होतो. आधी वहीत प्रत्येक मालकापुढं तीनच नोंदी करा: साल, घड्याळ कसं मिळालं, मालकानं त्यावर कुठली खूण सोडली.

म्हणजे १९७२, शाहूपुरीतला गुळाचा अडत्या नवं चावीचं एचएमटी घेतो, काचेवर चरा पाडतो, लेकीच्या लग्नाला पैसे कमी पडले म्हणून विकतो. मग तालमीतला पैलवान, मनगट जाड म्हणून पट्ट्याच्या टोकाला जादा भोक पाडतो. पुढं नर्सबाईंना ते भोक कुणाचं कळत नाही पण वाचकाला कळतं, तिथं समजावत बसू नका, जोड लागलेला असतो.

फक्त साल तपासा, एचएमटीची घड्याळं १९६१ पासूनची. आणि चावी रोज द्यावी लागते, मालक दवाखान्यात पडला तर घड्याळ बंदच दाखवा.