बँकेतील लिपिकाचा राजीनामा: सूर आणि शुद्धलेखन

कच्च्या मसुद्यात बहुधा असे वाक्य असते: ‘कौटूंबीक अडचणींमुळे नाईलाजाने नोकरी सोडत आहे तरी राजिनामा मंजूर झाल्यास उपकृत राहीन.’ यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. कौटुंबिक, नाइलाज, राजीनामा असे लिहावे. पण खरी अडचण ‘मंजूर झाल्यास’ची. त्यामुळे निर्णय पक्का आहे की नुसती विचारणा, हे कळत नाही. शिवाय शेवटच्या दिवसाची तारीखच नाही.

सुधारलेला मजकूर असा:

‘मी या शाखेत लिपिक पदावर कार्यरत आहे. कौटुंबिक कारणास्तव नागपूर येथे स्थायिक होत असल्याने मी या पदाचा राजीनामा देत आहे. एक महिन्याच्या सूचना कालावधीनुसार ३१ जुलै रोजी कामकाज संपल्यावर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. तत्पूर्वी माझ्याकडील रोख, किल्ल्या व प्रलंबित कामे नेमून दिलेल्या सहकाऱ्याकडे सोपवीन.’

सूचना कालावधी मात्र आपल्या नियुक्तिपत्रातून घ्यावा, शेजारच्या टेबलावरून नाही. तो बँकेला राजीनामा मिळाल्यापासून मोजला जाण्याची शक्यता असल्याने दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन ठेवा. आजारपण किंवा घरातले वाद पत्रात नकोत, कारण हे पत्र आपल्या सेवेच्या फाइलीत कायम राहते. नागपूरला बदली मागितली आणि ती नाकारली गेली असेल, तर त्याची तक्रारही इथे नको. ‘नागपूर येथे स्थायिक होत असल्याने’ एवढे पुरते. बदलीचा अर्ज अजून प्रलंबित असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत हे पत्र देऊच नका.