एम्प्लॉयी ऑफ द इयरचं मानपत्र लिहिताय? या चुका टाळा

माझ्याकडे मानपत्रांचे मसुदे तपासायला येतात आणि दरवर्षी सुरुवात तीच, "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख व्यक्तिमत्त्व". नाव झाकून वाचा, ऑफिसात कोणालाही लागू पडतं. अहो, पण त्या माणसाने वर्षभर केलं काय?

मागे एका कारखान्यातून मेंटेनन्सच्या फिटरचं मानपत्र आलं. पानभर विशेषणं आणि शेवटी "कंपनीचे लाखो रुपये वाचवले". एचआरमधल्या नव्या मुलाने अप्रेझल फॉर्म बघून घाईघाईत उरकलेलं. मी त्याला म्हटलं, आधी शॉप फ्लोअरवर जा, सुपरवायझरला विचार, लॉगबुक बघ. तिथे खरी गोष्ट सापडली. या फिटरने सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशिनी बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून वेळ मोजली होती. हवा कोणी वापरतच नाही म्हटल्यावर टाकी एकदा भरली की कॉम्प्रेसरने परत लोड घ्यायलाच नको, म्हणजे हवा भरायचं काम करायलाच नको, पण तो दर 10 मिनिटांत 3 मिनिटं लोड घेत होता, म्हणजे त्याच्या क्षमतेतली 30 टक्के हवा नुसती गळतीत जात होती. मग गडी साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक जॉइंट तपासत गेला, बुडबुडे आले तिथे खडूची खूण, आणि कपलर, क्लॅम्प, फाटके होज बदलून झाल्यावर परत तीच टेस्ट. आता 10 मिनिटांत 1 मिनिट.

हे एवढं हातात असताना "कर्तव्यदक्ष" कशाला लिहायचं! आम्ही लिहिलं: "बंद कारखान्यात कॉम्प्रेसर का चालतो, हा प्रश्न यांनी विचारला. स्वतः गळत्या शोधल्या, दुरुस्त केल्या आणि हवेची गळती 30 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणली."

ते "लाखो रुपये" मी काढायलाच लावले. गळती 30 वरून 10 टक्क्यांवर आली म्हणजे वीजबिल तेवढंच उतरलं असं होत नाही, कारण अनलोडमध्ये, म्हणजे हवा न भरता नुसती फिरतानासुद्धा, मोटर वीज खातच असते. कॉम्प्रेसरच्या मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग असेल तरच रुपयांचा आकडा टाका, नाहीतर गळतीचा आकडा पुरेसा आहे. समोर अकाउंट्सवाले बसलेले असतात, फुगवलेला आकडा त्यांना लगेच कळतो आणि मान मिळतोय त्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

मसुदा मी नेहमी त्या माणसाच्या सुपरवायझरला वाचून दाखवायला सांगतो, सरप्राइज ठेवायचं असलं तरी. इथे सुपरवायझर म्हणाले की होज बदलताना हेल्परही सोबत होता. एक ओळ वाढवली. सगळं श्रेय एकट्याला दिलं की टाळ्यांऐवजी कुजबुज होते.

बाकीचं थोडक्यात. गेल्या वर्षीची फाइल कॉपी करू नका, जुनं पद किंवा "तिच्या"चं "त्याच्या" हमखास राहून जातं. स्टेजवर दीड मिनिटात वाचून होईल एवढंच लिहा. आणि नावाचं स्पेलिंग पगाराच्या रेकॉर्डवरून नाही, त्यालाच विचारून घ्या, फ्रेम घरी भिंतीवर लागणार आहे.